नाव आहे, माणूस नाही

तारीखमावशी सोमवारच्या बैठकीत अवाक्षर काढत नाही, आणि बैठक उठल्यावर सगळा मजला तिलाच वचकून असतो. या रुग्णालयात मी रुजू झाले तेव्हापासून मला या गोष्टीचं कुतूहल होतं. नसत्या चौकशा करायची मला खोड आहे. ती आईकडून आली असं बाबा म्हणतात आणि बाबांकडून आली असं आई म्हणते.

आमच्याकडे माणसं पुन्हा चालायला शिकायला येतात. त्यांना शिकवणारी मी, म्हणून रुग्ण मला ‘व्यायामवाली’ म्हणतात. सोमवारच्या बैठकीत त्या आठवड्यात कोण घरी जाणार आणि त्याआधी काय काय व्हायला हवं, यावर सगळे विभाग मिळून बोलतात. बोलतात म्हणजे काय, गुऱ्हाळ लावतात. आमच्यापैकी एकजण पाळीपाळीने इतिवृत्त लिहितो, आणि कचेरीतली तारीखमावशी दुपारपर्यंत त्याचं एक पान करते. त्या पानावर तीन रकाने असतात: काम, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. पुढच्या सोमवारी बैठक सुरू होते ती हेच पान वाचून. वचक आहे तो त्याचा.

तिचा नवरा बसचालक आहे. एकदा तिला न्यायला आला होता तेव्हा म्हणाला, “आमच्या घरात ‘बघू’ म्हणायची सोय नाही हो. बघू म्हटलं की ही विचारते, कोण बघणार आणि कधी.” मावशी शेजारी उभी राहून पिशवीत डबा ठेवत होती. ती म्हणाली, “गळका नळ दुरुस्त झाला की नाही?” तो म्हणाला, “झाला.” विषय संपला.

त्या सोमवारी इतिवृत्ताची पाळी माझी होती आणि चर्चा शिंपीकाकांची होती. मधुमेहाने त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. कृत्रिम पाय बसवून मी त्यांना चालतं केलं, म्हणजे चालले ते, ओरडले मी. बायको वारलेली, मूलबाळ नाही. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, त्यात शिलाई मशीन, आणि गल्लीभर गिऱ्हाईक. शुक्रवारी त्यांची खाट दुसऱ्या रुग्णाला द्यायची ठरली होती. तोपर्यंत त्यांच्या न्हाणीघरात हात धरायला भक्कम दांडा बसला तर ते घरी जाणार होते, नाही तर दुसऱ्या गावी भावाकडे. भाऊ वाईट नव्हता. पण तिथे मशीन नव्हतं आणि गिऱ्हाईकही नव्हतं. “भावाकडे मी पाहुणा,” असं ते मला एकदा म्हणाले होते, “आणि पाहुणा किती दिवस गोड लागतो ते तुम्हाला माहीत आहे.”

इतिवृत्त मी झकास लिहिलं. तीन पानं, वळणदार अक्षर. ते मावशीच्या टेबलावर ठेवलं, दोन कप चहा मागवला आणि समोर बसून राहिले. ती त्याचं नेमकं काय करते ते मला एकदा बघायचंच होतं.

आधी तिने ते सगळं शांतपणे वाचलं, पेन हातात न घेता. मग दुसऱ्यांदा वाचताना समासात खुणा करायला लागली. ठरलं त्याला एक खूण, करायचं आहे त्याला दुसरी. बाकीच्याला काहीच नाही.

“मोठे डॉक्टर घरातल्या सुरक्षिततेवर इतकं बोललेत,” मी म्हणाले, “त्यातलं एकही वाक्य घेतलं नाहीस.”

“बोललेत छान. तुझ्या इतिवृत्तात ते राहणारच आहे, फाइलला लागेल. पण त्यात कुणी काही करायचं आहे का?”

मी शोधलं. नव्हतं.

“‘घराच्या तयारीकडे लक्ष द्यावे’ असं लिहिलंयस,” ती पुढे म्हणाली. “लक्ष दिलं की नाही हे शुक्रवारी कसं ओळखायचं?”

“मग काय लिहू?”

“जे झालं की दिसेल ते. तू आज सकाळी बैठकीतच म्हणालीस ना, न्हाणीघराचं दार मोजते म्हणून?” तिने लिहिलं: न्हाणीघराच्या दाराची रुंदी व दांड्याची उंची मोजून फिटरला देणे. पुढे ‘व्यायामवाली’ आणि मंगळवारची तारीख. नुसतं ‘लवकर’ किंवा ‘या आठवड्यात’ तिने कुठेच ठेवलं नाही. शुक्रवारपासून ती बोटांवर मागे मोजत गेली. घरी जाणं शुक्रवार, म्हणून दांडा गुरुवार, म्हणून परवानगी बुधवार, आणि माप मंगळवार. माझ्या तीन पानांत ही कामं जिथे आठवली तिथे पडली होती. तिच्याकडे ती एकामागून एक उभी राहिली, तेव्हा कळलं की एक अडलं तर पुढची सगळी अडणार.

आणि परवानगीपाशी तिचं पेन थांबलं.

घर भाड्याचं होतं, भिंतीला भोकं पाडायची तर घरमालकाची लेखी परवानगी हवी. मी लिहिलं होतं, ‘परवानगी रुग्णालयाच्या समाजसेविका घेतील.’

“तिला विचारलं कुणी?”

“ती रजेवर आहे.”

“कधीपर्यंत?”

“शनिवारपर्यंत,” मी म्हणाले, आणि माझ्याच तोंडून ते ऐकल्यावर लक्षात आलं की परवानगी तर बुधवारी हवी आहे.

आमच्याकडे एक रीत पडून गेली होती. अडचणीचं काम निघालं की जो हजर नाही त्याच्या गळ्यात. तो नाही म्हणायला नसतो, म्हणून ठराव पटकन होतो. मागच्या महिन्यात मी सर्दीने घरी होते तर परत आल्यावर कळलं की वार्षिक तपासणीची तयारी माझ्याकडे आली आहे. तेव्हा मी चिडले होते, आणि या सोमवारी मीही सगळ्यांबरोबर मान डोलावली होती.

मावशीने त्या ओळीतला ‘कोण’ रकाना कोरा ठेवला आणि पान घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेली. मी तिच्या मागे. बोलावलं नव्हतं, पण खोड.

डॉक्टरांना कोरा रकाना आवडला नाही. “हे पान मुख्य कचेरीत जातं. रिकामी जागा म्हणजे आपण निष्काळजी, असं दिसतं. ‘सर्व विभाग’ लिहा.”

“सर्व विभाग लिहिलं तर सगळे एकमेकांकडे बघतील, डॉक्टर. बारभाईंचा कारभार होईल.”

“मग समाजसेविकेचं नाव ठेवा. इतिवृत्तात नाव आहे की.”

“नाव आहे,” मावशी म्हणाली, “माणूस नाही.”

डॉक्टरांनी पान परत तिच्याकडे सरकवलं. माणूस वाईट नाही, फक्त कागद भरलेला दिसला की त्यांना बरं वाटतं. शेवटी ते म्हणाले, “चारपर्यंत भरून आणा. पण खरं नाव आणा.”

बाहेर आल्यावर मी म्हणाले, “माझं लिही. मी घेते परवानगी.” मला खरंच वाटत होतं तसं.

“तू घरमालकाला ओळखतेस?”

“नाही.”

“तो तुझं का ऐकेल?”

“समजावून सांगेन.”

“हौसेने हो म्हणतेयस,” ती म्हणाली. “तुझं नाव लिहिलं तर मला बरं वाटेल आणि तुला बरं वाटेल. काकांचं काय? त्या मालकाला ओळखतं कोण, ते सांग.”

ओळखणारा माणूस वरच्या मजल्यावर खाटेवर बसला होता. आमच्या बैठकीत त्याच्या न्हाणीघरापासून त्याच्या भावापर्यंत सगळ्यावर बोलणं झालं होतं, आणि त्या बैठकीला तो स्वतः कधीच नव्हता. आमचा सगळ्यात पक्का गैरहजर माणूस तोच.

शिंपीकाका शेजारच्या रुग्णाच्या सदऱ्याला बटण लावत होते. मावशी खुर्ची ओढून समोर बसली आणि विभागप्रमुखांशी बोलते तशीच त्यांच्याशी बोलली. काम काय, ते कशासाठी, आणि बुधवार का.

“जमेल का तुम्हाला? नाही म्हणालात तरी चालेल, दुसरं कुणी शोधू. पण हो म्हणालात तर तुमचं नाव लिहिणार.”

काकांनी सुई सदऱ्यात टोचून ठेवली. “माझं नाव? डॉक्टरांच्या नावाच्या रांगेत?”

“हो.”

त्यांनी सदरा बाजूला ठेवला. “मालक तसा खडूस आहे. गेल्या वर्षी खिळा ठोकला तर आठवडाभर बोलला नाही. पण त्याचा कोट माझ्याकडे अर्धा पडलाय, आणि त्याच्या मुलाचं लग्न तोंडावर आलंय. मी बोलतो. लिहा माझं नाव.”

“अडलं तर मला आधी सांगायचं. शेवटच्या दिवशी नाही.”

“गिऱ्हाइकाला मीही तेच सांगतो,” काका म्हणाले.

चारच्या आत रकाना भरला. डॉक्टरांनी ‘शिंपीकाका’ असं वाचलं आणि चष्मा वर केला. “रुग्णाला काम?”

“घर त्यांचं आहे,” मावशी म्हणाली. त्यांनी सही केली.

मंगळवारी मी माप घेऊन आले. त्याच दुपारी काकांचा निरोप खाली आला की मालक फोनवर नाही म्हणाला, पण उद्या येतोय. मावशीने फिटरला सांगून ठेवलं, की उद्या नकार आला तर भोकं न पाडता बसणारी, हाताने धरायची चौकट मिळते का ते आजच बघ. फिटरने ते यादीत लिहून घेतलं आणि शोधायला गेला. बुधवारी माझं व्यायामात लक्ष नव्हतं, एका आजोबांना मी तोच पाय दोनदा उचलायला लावला. अकराच्या सुमाराला मालक आला, कपाळाला आठ्या घालून. काकांनी त्याला हाताला धरून दारापर्यंत चालत नेलं आणि चालत परत आणलं. माझ्या कानावर एवढंच पडलं: “कोट पुरा व्हायला मी घरी हवा. मी घरी यायला दांडा हवा. आता भिंत तुमची आणि कोटही तुमचाच.”

मालकाने मावशीच्या टेबलावर बसून परवानगी लिहून दिली. भोकं चारच, जास्त नाहीत, अशी अट घातली. गुरुवारी दांडा बसला आणि मी त्याला लोंबकळून बघितलं.

शुक्रवारी काकांना गाडीत बसवायला मी खाली गेले. मावशीही आली होती, हातात ते पान. तिने त्यांच्या ओळीपुढे ‘झाले’ लिहून त्यांना दाखवलं. काकांनी ते ओळीवर बोट ठेवून वाचलं.

“पाय गेल्यापासून,” ते म्हणाले, “मला सगळे विचारायचे, दुखतंय का, जेवलात का, झोप लागली का. सगळ्यांनी जिवापाड केलं माझं. पण ‘हे काम तुम्ही करा’ असं कुणी म्हटलं नव्हतं. मला वाटलं होतं, आता कुणी म्हणणारही नाही.”

मावशीने पानाची घडी घातली आणि विचारलं, “कोट कधीपर्यंत?”

“पुढचा शनिवार,” काकांनी लगेच सांगितलं.

त्यानंतरच्या सोमवारी बैठकीला मी पोचले तेव्हा मावशी कोपऱ्यातली एक जादा खुर्ची टेबलाशी ओढत होती. त्या आठवड्यात घरी जायच्या असलेल्या आजी काठी टेकत आत आल्या आणि डॉक्टरांच्या शेजारी बसल्या. डॉक्टरांनी घसा साफ केला आणि पहिल्यांदाच, सुरक्षिततेवर बोलण्याआधी, आजींना विचारलं की तुमच्या घराला पायऱ्या किती आहेत.