लघुग्रहाची तीन शून्यं

मी चौथी शिकले आणि तीस वर्षं लातूरच्या आडतीत धान्य चाळलं, पोत्यांत भरलं. ज्यूल काय असतं ते मला ठाऊक नव्हतं. टन आणि किलो यांतला फरक मात्र झोपेतही सांगेन.

नात बारावीला गेली तेव्हा तिला चाकूरहून आणलं आणि क्लासच्या गल्लीत खोली केली. क्लासवाले दर परीक्षेनंतर वरची आणि खालची बॅच करत. चांगले सर वरच्या बॅचला, खालच्यांना कोणीही. नात दोन गुणांनी खाली राहिली आणि रडत घरी आली.

"एका प्रश्नानं घात केला, आजी. माझं बरोबर हाय."

प्रश्न लघुग्रहाचा होता. तो हवेत फुटला आणि पाच लाख टन टीएनटी, म्हणजे स्फोटक, उडवल्याएवढी ऊर्जा निघाली. ती ज्यूलमध्ये किती? नातीनं मला समजावलं. एका ग्रॅम टीएनटीचे ४१८४ ज्यूल धरतात. टनात दहा लाख ग्रॅम, म्हणून टनाचे ४१८ कोटी ४० लाख. क्लासच्या छापील नोट्समध्ये टनापुढे ४१ लाख ८४ हजार होते.

"हे तर किलोचं झालं की गं."

"हाव. सगळ्यांनी तेच पाठ केलं. मी करून काढलं, तर चार गुण गेले अन् चुकलं म्हणून वर एक कापला."

दुसऱ्या दिवशी मी क्लास चालवणाऱ्या सरांपुढे जाऊन बसले.

"सर, तुमच्यात टन किती किलोचा?"

"हजाराचा, आजी." सर हसले.

"नोट्समध्ये एकाचा हाय."

त्यांनी पान उघडलं. हसू गेलं. उत्तरात तीन शून्यं कमी होती.

"पोरगी बरोबर हाय," ते हळूच म्हणाले. "पण यादी लागली, फोटोचं बॅनर लागलं. आता उत्तर बदललं तर कितीतरी पोरं खाली येतील. त्यांच्या आईबापाला काय सांगू?"

"चुकलो म्हणून सांगा."

"असं न्हाई होत, आजी. चहा घ्या."

चहा तसाच ठेवून मी उठले. न येणाऱ्याची मला चीड येत नाही. येऊनही झाकणाऱ्याची किळस येते.

पुढच्या परीक्षेत तोच प्रश्न आला. नातीनं या वेळी नोट्समधलं खोटं उत्तर दिलं आणि वरच्या बॅचला गेली. पेढे घेऊन आली.

"तुला खरं म्हाईत होतं ना?"

"म्हाईत हाय की. मोठ्या परीक्षेत खरं लिहीन. इथं त्यांचं लिहिते. तूच म्हणलीस ना, वरच्या बॅचला जायचं?"

म्हणाले होते, रोज म्हणाले होते. मला सरांची किळस आली होती, तशीच आता त्या पेढ्यांची आली, आणि माझीही. वरच्या बॅचची पोरं एक टन म्हणजे किलो समजून बसली आहेत आणि त्यांत आमची एक आहे, जिला खरं येतं आणि जी गप्प आहे.

पेढे मी शेजारी देऊन टाकले.