कापसाच्या गंजीआडची मॅच

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे भीमराज, यांना गावात सगळे आडमुठे म्हणतात. मीही लग्न होऊन आले तेव्हा मनातल्या मनात म्हटलं होतं. मारेगावापासून थोड्या अंतरावर आमचं गाव. काळी जमीन, कापूस आणि तूर. एका वर्षी मामाजी बैलगाडीत कापूस घालून विकायला गेले. काट्यावर मापाऱ्याचा माणूस चपला घालून कापसावर चढला. मामाजींनी त्याला उतरायला सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, कापूस काय देव आहे का. त्यावर मामाजींनी गाडी वळवली आणि भरलेली तशीच घरी आणली. ही गोष्ट माझ्या सासूबाई रुखमाबाई आजही सांगतात, आणि प्रत्येक वेळी शेवटी म्हणतात, "बैलायची तरी दया याले पाह्यजे होती याले."

तर यंदाही तेच झालं. वेचणी संपली, भाव पडलेला, आणि मामाजी म्हणाले, कापूस जाणार नाही. समोरच्या खोलीत गंजी लागली. आधी गुडघ्याएवढी, मग कमरेएवढी, मग भिंतीला टेकून छताकडे निघाली. जायला-यायला एक वाट तेवढी उरली. पाहुणे आले तर ओसरीवर बसायचे. बुद्धवंदनेच्या वेळची मेणबत्ती मी बाहेर ओसरीच्या कोनाड्यात लावू लागले, कारण घरात कापूस असला की विस्तव आत आणायचा नाही हा आमचा नेम. माझे मालक इंद्रजित रोज एकदा म्हणायचे, विकून टाका. मामाजी रोज एकदा म्हणायचे, होळीनंतर पाहू.

त्या खोलीतच आमचा टीव्ही. भिंतीवर टांगलेला. खाली फळीवर डिशचा डबा, सेटटॉप बॉक्स. कापूस चढत चढत फळीच्या वर गेला, तरी कोणाला काही वाटलं नाही, कारण डब्याचं पुढचं तोंड आणि त्यातला दिवा दिसत होता आणि रिमोट चालत होता.

ऑस्ट्रेलियाशी मॅच म्हणजे आमच्याकडे सण. घरातलं कोणीच त्या दिवशी दुसऱ्याच्या घरी जात नाही. मागे फायनलमध्ये त्या लोकांनी रडवलं, तेव्हापासून मामाजींनी मनात धरून ठेवलंय. मॅच संध्याकाळची होती. दुपारी मी शेंगदाणे भाजायला घेतले आणि आतून माझी लेक दीपा ओरडली की टीव्ही अटकला.

जाऊन पाहते तर दात घासायच्या पेस्टची जाहिरात. एक बाई हसता हसता तशीच थांबलेली. आवाज बंद. रिमोट दाबून दाबून सासूबाईंचा अंगठा दुखला. ती बाई काही तोंड मिटेना.

इंद्रजित शेतातून आले, त्यांनी पाहिलं आणि त्यांना जणू हवं ते सापडलं. म्हणाले, कापसाची धूळ जाऊन टीव्ही जळाला. वर गंजीही तापली आहे. काल त्यांनी हात घालून पाहिला होता, आत ऊन लागत होतं. ओला कापूस दडपला की आतून तापतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. तापला की रंग जातो, आणि नशीब वाईट असलं तर आगही लागते. इंद्रजितनी खिशातून मोबाइल काढला आणि व्यापाऱ्याला फोन लावून सकाळी गाडी पाठवायला सांगितलं.

मामाजी खाटेवरून उठले. "माह्या कापसात ओल नाही. दोन उन्हं दाखवून आत घेतला मी."

"मंग गरम काहून लागते? टीव्ही कायनं गेला?"

"टीव्ही चालू करून देतो. चालू झाला त गाडी परत जाईन."

इंद्रजित हसले. "चालू झाला, अन मॅच संपेपर्यंत टिकला, त ठेवा होळीपर्यंत. नाही त सकाळी गाडी भरतो, अन मंग मधात यायचं नाही."

मामाजींनी मान हलवली. सासूबाईंनी कपाळावर हात मारला, कारण मामाजींना टीव्हीतलं आवाज वाढवण्यापलीकडे काही येत नाही. बाही वर करून त्यांनी पहिलं काम केलं ते टीव्हीच्या कडेवर थाप मारायचं. दीपाने त्यांचा हात धरला.

दीपा आठवीत आहे. ती म्हणाली, आबा, आधी कोण अटकलं ते पाहू, टीव्ही की डबा. तिने टीव्हीचा रिमोट घेऊन आवाजाचं बटण दाबलं. त्या हसऱ्या बाईच्या हनुवटीवर हिरवी पट्टी आली आणि पुढे सरकली. मग तिने सोर्सचं बटण दाबून दुसरी जागा निवडली. बाई गेली, निळा पडदा आला, सिग्नल नाही असं लिहिलेलं. पुन्हा मागे आणलं तर बाई परत हजर. म्हणजे टीव्ही धडधाकट होता. अटकला होता तो डबा.

मग डब्याच्या रिमोटची पाळी. दीपाने मोबाइलचा कॅमेरा चालू करून रिमोटचं पुढचं टोक त्यासमोर धरलं आणि बटण दाबायला सांगितलं. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण मोबाइलमध्ये टोकावर जांभळा ठिपका लुकलुकला. मामाजींनी तीन-चारदा दाबून पाहिलं, खात्री केली आणि म्हणाले, "हा बोलून राह्यला. तोच आयकत नाही."

दीपाचं म्हणणं, डब्याची लाइट काढायची. रिमोटने बंद केला तर तो फक्त झोपतो, आत काम चालूच राहतं. पिनच काढली पाहिजे. आणि पिनचा बोर्ड होता गंजीच्या मागे. इन्व्हर्टर घेतल्यापासून लाइट जात नव्हती, आणि कापूस लागल्यापासून तिथे कोणाचा हात गेला नव्हता. तेव्हापासून डबा एकदाही बंद झाला नव्हता.

दोघांनी पाय धुतले. मामाजी कापसावर मळके पाय पडू देत नाहीत, नातीचेही नाही. मग आजा-नात गंजीत शिरले आणि ओंजळींनी कापूस बाजूला सारू लागले. मला फक्त त्यांच्या पाठी दिसत होत्या. पिन निघाली, दिवा विझला. दीपा म्हणाली, लगेच लावायची नाही, आतला उरलेला करंट उतरू द्यायचा. मामाजी तोवर दाराकडे तोंड करून उभे राहिले, कोणी घाई करू नये म्हणून. मग पिन लावली. डबा उठला, पडद्यावर पट्टी भरत गेली आणि चॅनल आलं. सासूबाईंनी शेंगदाण्यांचं ताट पुढे सरकवलं.

टॉसच्या आधी पुन्हा सगळं थांबलं. यावेळी एक समालोचक, हात वर केलेला.

इंद्रजित ओसरीवरूनच म्हणाले, "झालं?"

मला वाटलं आता मामाजी चिडतील. ते चिडले नाहीत. ते गंजीकडे गेले आणि रोज संध्याकाळी घालतात तसा खांद्यापर्यंत हात आत घातला. दाराजवळ घातला, मधे घातला, खिडकीकडे घातला. तिथे सगळीकडे थंड. मग फळीच्या बाजूला घातला आणि हात तसाच ठेवून दीपाला बोलावलं. तिनेही घातला.

"आबा, इथं गरम आहे."

"इथंच आहे. डब्याच्या मांगं." त्यांनी इंद्रजितला हाक मारली. "ये, पाह्य. ओल असती त मधात तापला असता. मधात घाल हात."

इंद्रजित आले. मधे हात घातला, मग फळीकडे घातला. तिथून हात लवकर काढला नाही.

डबा बाहेर काढला तेव्हा दीपाला तो ओढणीत धरावा लागला, इतका तापला होता. वरच्या आणि मागच्या जाळीच्या भेगांत कापसाचे तंतू बसून नमद्यासारखा जाड थर झाला होता. डब्याची ऊब बाहेर जायला जागाच नव्हती. तो स्वतः तापत होता आणि कापसालाही तापवत होता. मी म्हटलं ओलं फडकं देते, तर दोघं एकदमच नको म्हणाले. मामाजींनी दाढीचा कोरडा ब्रश आणला. पिन काढलेलीच होती. दीपाने डबा आडवा धरला आणि मामाजी भेगेभेगेतून तंतू ओढू लागले, जसं बोंडातून कापूस ओढतात तसं, तुटू न देता. फुंकर मारायला गेले तर दीपाने अडवलं, थुंकी आत जाते म्हणून. स्क्रू उघडायचा मोह इंद्रजितला झाला होता, तोही तिने होऊ दिला नाही. डबा खिडकीत वाऱ्याला ठेवला.

तोवर मामाजींनी गंजीच सरकवली. फळीच्या बाजूने हातभर जागा मोकळी केली, खाट उभी करून तिची आड लावली आणि कापूस तिच्या पलीकडे रचला. सत्तरी ओलांडलेला माणूस. मी मदतीला गेले तर म्हणाले, तू शेंगदाणे पाह्य. इंद्रजित मात्र न विचारताच खाटेची दुसरी बाजू धरून उभे राहिले होते.

डब्याखाली दोन विटा, खालून हवा जावी म्हणून. शेजाऱ्यांकडून फटाक्यांचा आवाज आला, म्हणजे मॅच सुरू झाली होती. इंद्रजित म्हणाले, लाव आता. दीपा डब्याला हात लावून म्हणाली, अजून ऊन आहे. मामाजी म्हणाले, "दीपा म्हणन तवा." आम्ही सगळे एका डब्याकडे पाहत बसलो.

शेवटी पिन लावली. पट्टी भरली. आणि पडद्यावर आलं, सिग्नल नाही.

सासूबाई म्हणाल्या, "घ्या. तुमचा हात लागला अन डिशची छत्रीच उडाली."

इंद्रजितनी बंद-चालू करायला हात पुढे केला. मामाजींनी तो मधेच धरला. "थांब. वर वारा नाही, काही नाही. छत्री काहून हालन? डबा त आपनच हालवला." दीपा वाकून डब्याच्या मागे पाहू लागली. छतावरून येणारी जाड काळी वायर डबा ओढताना अर्धवट निघाली होती. पुन्हा पिन काढली. वायरच्या टोकातली तांब्याची बारीक तार थोडी वाकली होती. मामाजींनी ती नखाने सरळ केली, भोकात बसवली आणि बाहेरची चकती बोटांनी फिरवत घट्ट केली. पक्कड दिली तर घेतली नाही.

यावेळी पट्टी भरली आणि हिरवं मैदान आलं. आपले दोन गडी आधीच गेलेले. कोणी ओरडलं नाही. मामाजी खाली बसले आणि मांडी घातली.

त्यानंतर दर ओव्हरनंतर दीपा उठून डब्याला हात लावायची आणि म्हणायची, कोमट. एकदा चेंडू हवेत गेला आणि क्षणभर चित्र जागीच राहिलं असं वाटलं. आम्ही सगळ्यांनी डब्याकडे पाहिलं. तो कॅच सुटल्याचं पुन्हा, सावकाश करून दाखवत होते.

आपण हरलो. थोडक्यात हरलो. टीव्ही चालूच होता. हरल्यानंतरची भाषणं, बक्षिसं, सगळं मामाजींनी पाहिलं, एरवी ते बघत नाहीत. बक्षीस चालू असतानाच इंद्रजितचा मोबाइल वाजला. व्यापारी विचारत होता, गाडी किती वाजता पाठवू.

इंद्रजितनी वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी टीव्हीवरून नजर काढली नाही.

"नको पाठवू," इंद्रजित म्हणाले. "नाही, भावाचं नाही. ओलबिल काही नाही, मी सोता पाह्यलं हात घालून. बुढा होळीनंतर देतो म्हणते."

पलीकडून तो काहीतरी बोलत राहिला, बहुतेक भाव अजून पडेल असं. इंद्रजित ऐकत राहिले. मग म्हणाले, "पडू दे," आणि फोन ठेवला.