निळ्या पाठीच्या गोगलगायी

लातुरात क्लासेसच्या गल्लीत बसम्माच्या खानावळीचा विषय निघाला, की पोरं आधी तिच्या भाकरीचं कौतुक करतात आणि मग तिच्या तोंडाचं. भूकंपात सासरचं घर पडलं तेव्हा नवी नवरी असलेली ही बाई औशाकडून इथं आली, पत्र्याच्या खोलीत चूल मांडली आणि डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांना जेवू घालता घालता पन्नाशीला टेकली. हात सढळ, पण खोड एक होती. प्रश्न आपणच विचारायचा आणि उत्तरही आपणच देऊन टाकायचं.

उन्हाळ्यात ती मुरुडला भावाकडे, मल्लेशकडे गेली होती. त्याच्या शेताच्या बांधाला, दगडांच्या सांदीत, मुठीएवढाले शंख पडलेले दिसले.

"मेल्यात न्हवं का रे या गोगलगायी? मेल्यातच. पार वाळून गेल्यात."

"अक्का, त्या तशा..."

"तुला काय करायच्यात? माझ्या मेथीच्या वाफ्याला कडेनं लावते. शोभा दिसंल."

शंख हाताला जड लागले. माती भरली असंल, तिनं ठरवलं. तोंडावर चुना सारवल्यासारखा पांढरा पापुद्रा होता. किड्यानं लिंपलं असंल, तेही ठरवलं. पोतं भरून आणलं, खानावळीच्या दाराचा उरलेला निळा ऑइल पेंट पुरला तेवढ्या शंखांच्या पाठीवर ब्रश फिरवला आणि वाफ्याला झकास कड लावली. आल्यागेल्याला हाताला धरून नेऊन दाखवली.

खानावळीमागची ती मोकळी जागा बापूसाहेबांच्या मालकीची. अर्ध्यात बसम्माची मेथी, अर्ध्यात शेजारच्या उमादेवीची विकायची रोपं: वांगी, मिरची, झेंडू. उमादेवीचं पोट त्या रोपांवर चालायचं. कोपऱ्यात तिचा शेणखताचा ढीग होता आणि त्याच्या वासावरून बसम्मा वर्षभर नाक मुरडायची.

पाऊस लागला तशी रात्रीतून रोपं खुडल्यासारखी झाली. मेथीच्या नुसत्या काड्या उरल्या. वाफ्याची कड चिखलात गेली असंल म्हणून बसम्मानं तिकडे बघितलंही नाही. उमादेवीच्या रोपांच्या ट्रेखाली दोन-चार गोगलगायी सापडल्या, मातकट रंगाच्या. झालं.

"उमा, तुझ्या उकिरड्यातनं निघाल्यात ह्या! दुसरीकडनं कुठनं येणार? तिथनंच!"

"अक्का, खत उकरून बघा की एकदा."

बघतंय कोण? बसम्मा थेट बापूसाहेबांच्या ओट्यावर जाऊन पोचली होती. बापूसाहेबांनी उमादेवीला सांगून टाकलं, "उद्या ट्रॉली येईल. खत, रोपं, सगळं हलवा. दुसरी जागा बघा."

सकाळी पुरावा म्हणून आणखी चार गोगलगायी गोळा कराव्यात या उत्साहात बसम्मानं उमादेवीच्या वाफ्याजवळचं ओलं गोणपाट उचललं. खाली एक शंख चिकटला होता. पाठ निळी. शेजारी दुसरा. एकाच्या कडेला तर पेंटचा ओघळसुद्धा तसाच होता, तिच्याच ब्रशचा.

तिनं मल्लेशला फोन लावला. "ते शंख... मेलेले नव्हते?" आणि आयुष्यात पहिल्यांदा ती उत्तरासाठी थांबली.

"तेच सांगायलो व्हतो, अक्का. ओल गेली की त्या आत सरकत्यात. तोंडावर आपलीच लाळ धरत्यात. ती वाळून चुन्यासारखी कडक व्हती, मग आतलं पाणी आटत न्हाई. खाणं न्हाई, हालणं न्हाई, महिनेच्या महिने काढत्यात. पाऊस झाला की पापुद्रा सुटतो, उपाशी भाईर येत्यात न् रातचं कवळं कवळं खात्यात. तुला जड लागले न्हाईत?"

लागले होते.

तिनं निळे शंख पदरात घेतले. नाली पंधरा पावलांवर होती; तिथं टाकले की कुणाला कळणार? तेवढ्यात ट्रॉली येऊन उभी राहिली. उमादेवी एकेक ट्रे उचलून बाहेर ठेवत होती.

"बसम्माबाई, तुम्ही म्हणालात तसंच चाललंय बघा," बापूसाहेब म्हणाले.

पदरातलं गार, ओलं काहीतरी पोटाशी हळूच सरकलं. शंखात शिरून तोंडावर पापुद्रा धरता आला असता, तर बसम्मानं तेच केलं असतं. अंगावर नुसती साडी होती. तिनं पदर सोडला.

"ह्या माझ्या हायत. मीच आणल्या मुरुडहून. उमाचा काही दोष न्हाई."

उमादेवीनं निळ्या पाठींकडे बघितलं, मग खानावळीच्या निळ्या दाराकडे. ट्रॉलीवाला खो खो हसला. बापूसाहेब चष्मा पुसत राहिले. उमादेवी मात्र हसली नाही, ओरडलीही नाही. ओरडली असती तर बसम्माला बरं वाटलं असतं.

ट्रॉली रिकामी गेली. आता रोज संध्याकाळी बसम्मा गुळाच्या पाण्यात गोणपाट भिजवून वाफ्यांत अंथरते आणि पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात टाकते. जमिनीत अंडी घालायच्या आत जेवढ्या सापडतील तेवढ्या. पोरांच्या ताटात भाकरी आता मुकाट्यानं पडते.

उमादेवीनं पुन्हा बी टाकलं. परवा बसम्मानं कुंपणाशी उभं राहून विचारलं, "उमा, वांगी उगवली का गं?"

उमादेवी झारीनं पाणी घालत राहिली. बसम्मा उत्तराची वाट बघत तिथंच उभी होती.