नाकाने निवडलेलं काम

माझ्या चौकटीच्या वहीवर माझा फार जीव होता, हे आधीच सांगून टाकतो. पिरंगुटच्या एका कारखान्यात मी दुरुस्ती विभागाचा सुपरवायझर होतो, दोन हजार तीन-चारच्या सुमाराला. ग्राहकांकडून बिघडून आलेले व्होल्टेज स्टॅबिलायझर, म्हणजे जाळीचे पत्र्याचे खोके, रॅकवर ओळीने लागायचे. सहा कारागीर तिथून एकेक उचलून आपापल्या टेबलावर न्यायचे. जुना आधी उचलायचा, असा नियम होता. संध्याकाळी कुणी किती केले ते मी वहीत मांडायचो.  सगळं हाताने, आणि त्याचा मला भलता तोरा होता.

सहाही जण ठेकेदाराचे. सात महिने झाले की तो त्यांना घरी बसवायचा, मनात आलं तर परत बोलवायचा. त्या वर्षी मात्र एकाला कंपनीत कायम करायचं ठरलं. नाव मी सुचवायचं होतं.

त्यात घोटावड्याचे एक मामा होते. वय पंचेचाळीसच्या पुढे, आयटीआय केलेले, बोलणं जवळजवळ नाहीच. माझ्या वहीत त्यांचा आकडा सगळ्यात खाली. दिवसाला चार, कधी पाच. आमच्या सोलापूरकडचा एक तरणा गडी मात्र रोज पंधरा काढायचा आणि वर शीळ घालायचा. गावाकडचा म्हणून मला त्याचं कौतुक जरा जास्तच होतं, खोटं कशाला बोलू?

एकदा मामांना सगळ्यांसमोर म्हणालो, "मामा, हात जरा चालवा की! का डुलक्या काढताय?"

मामा म्हणाले, "चालवतुया, साहेब." आणि खाली मान घालून पुन्हा तारेला कथलाचे डाग द्यायला लागले.

मी सोलापूरकराचं नाव दिलं. महिनाअखेर मामांचे सात महिने भरले. ठेकेदाराने विचारलं, यांना परत बोलवू का? मी वही उघडली, आकडा पाहिला आणि नको म्हणालो. मामांनी स्वतःची पक्कड आणि कात्री फडक्यात बांधली, मला नमस्कार केला आणि गेले. मी नीट वर पाहिलंसुद्धा नाही.

पंधरा दिवसांत रॅक तुंबला. सगळ्यांचे आकडे तेच, तरी जुने नग हलेनात. वितरकांचे फोन सुरू झाले. मी वैतागून रॅकच्या मागे जाऊन उभा राहिलो. सोलापूरकर आला. त्याने सगळ्यात जुना खोका उचलला, जाळीला नाक लावलं, हुंगलं आणि परत ठेवला. दुसरा हुंगला, ठेवला. तिसरा घेऊन गेला. त्याच्या मागून आलेल्यानेही तेच केलं. ट्रान्सफॉर्मर जळाला असला की खोक्याला जळकट वास येतो. वास नाही म्हणजे फ्यूज, स्विच, सुटलेली वायर, दहा मिनिटांचं काम. जळका म्हणजे आतली तारेची गुंडाळी उलगडून नवी भरायची, दीड तास तरी जातो. 

मी जुनी जॉबकार्डं काढली, दुरुस्त केलेल्या प्रत्येक नगामागे एक. बिघाड काय होता तो रकाना प्रत्येक कार्डावर होता, मीच छापून घेतलेला. वहीत मी फक्त कार्डं मोजली होती. मामांच्या कार्डांवर जळका, जळका, जळका. सोलापूरकराच्या कार्डांवर फ्यूज.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी मीच झाकणं उघडून खोक्यांवर खडूने लिहू लागलो. फ्यूजला एक, जळक्याला आठ. प्रत्येकाची बेरीज सारखी येईल असं वाटप. सोलापूरकराच्या वाट्याला जळका आला तेव्हा तो माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "साहेब, गुंडाळी भरायला मला येत नाही." तो तर कायम झाला होता. मामांनाही कायम करा असं मॅनेजरना सांगितलं, तर ते म्हणाले, आता जागा कुठे आहे?

मामा पिरंगुटजवळच्याच चांदे गावी एका बांधकामावर रखवालदार झाल्याचं कळलं. रविवारी गेलो. त्यांनी खुर्ची मला दिली आणि स्वतः विटांवर बसले. मी सगळं सांगितलं, चुकलो म्हणालो. ठेकेदाराकडे शब्द टाकतो, परत या, असंही म्हणालो.

"आता नगं साहेब. सात म्हैने करायचं अन् पुन्ना घरी बसायचं, आता न्हाई व्हत."

"पण मामा, तुम्हाला वास येत नव्हता का?"

"येत हुता की. पर समद्यांनीच ठिवल्यावर ते करायचं कुनी?"

मला रडू आवरेना. कसाबसा म्हणालो, "मग मला एकदा तरी सांगायचं होतं हो."

 मामांना खरंच नवल वाटलं.

"तुमी रोज सांच्याला वही लिवत हुता," ते म्हणाले. "मला वाटलं, त्यात लिवलेलं आसंल."