भिंग साठावर होतं

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर काढणं हा आमच्याकडचा जुना, ठरलेला प्रयोग. लांब पट्टीवर, म्हणजे ऑप्टिकल बेंचवर, एका टोकाला मेणबत्ती, दुसऱ्या टोकाला पांढरा पडदा, मध्ये भिंग. पडद्यावर ज्योत उलटी पण स्वच्छ दिसली की भिंगापासून मेणबत्ती किती लांब आणि भिंगापासून पडदा किती लांब, हे वाचायचं. दोन्ही अंतरांच्या गुणाकाराला त्यांच्या बेरजेनं भागलं की नाभीय अंतर मिळतं. यात अवघड काही नाही. फक्त दोन्ही अंतरं भिंगापासून मोजायची असतात.

दोन वर्षांपूर्वी जवळपासच्या काही कॉलेजांनी मिळून प्रयोगकौशल्याची स्पर्धा घेतली. मुलं जास्त, बेंच एकच. म्हणून यजमान कॉलेजच्या प्रयोगशाळेत मांडणी करून तिचा फोटो काढला आणि तो कॉम्प्युटरवर मुलांना दाखवला. पट्टीवर मेणबत्ती तीस सेंटीमीटरवर आणि पडदा एकशेवीसवर आहे, हे लाल बाणांनी दाखवलेलं. भिंगाला बाण नव्हता. त्याच्या स्टँडची खूण पट्टीला चिकटून होती. ती प्रत्येकानं वाचायची.

संध्याकाळी तपासणीला आम्ही तिघं बसलो. यजमान कॉलेजचे ज्येष्ठ सर, त्यांच्यासोबतचा एक तरुण सर आणि मी. आदर्श उत्तर ज्येष्ठ सरांनी लिहिलेलं: पंधरा पूर्णांक सहा सेंटीमीटर. गठ्ठ्यातल्या जवळजवळ सगळ्या पोरांचं तेच आलं होतं. माझ्या एका विद्यार्थिनीचं उत्तर वीस होतं.

सरांनी तिचा पेपर बाजूला काढला आणि वर लाल पेनानं ‘गैरप्रकार’ लिहिलं.

“काय केलं तिनं?” मी विचारलं.

“उत्तर बसवलं, मॅडम. आपल्या सगळ्याच लॅबमधली लेन्स वीसची, हे पोट्ट्यायले माहीत हाय. वीस आणायसाठी तिनं भिंग साठावर दाखवलं.”

हा आरोप आमच्या धंद्यात नवा नाही. भिंगाच्या डबीवर वीस लिहिलेलं असतं, पोरं वीस यावं अशी रीडिंगं लिहितात आणि आम्ही सह्या करतो. त्यामुळे कुणाचं उत्तर बरोबर आलं की आम्हाला आधी शंकाच येते.

पण ही मुलगी धाड गावाहून रोज एस.टी.नं यायची. तिला बारावीनंतर शिकवायचं की नाही, यावर घरात वाद चालू होता आणि तिचे काका शिक्षण थांबवायला कारण शोधून राह्यले होते. गैरप्रकाराचं पत्र घरी गेलं असतं तर त्यांना ते आयतंच मिळालं असतं.

“सर, लेन्स वीसची आहे म्हणता?”

“हाव, वीसचीच. मीच घेतली.”

“मग तुमचं उत्तर पंधरा पूर्णांक सहा कसं?”

“प्रयोगात फरक येतेच ना थोडा.”

“चार-साडेचार सेंटीमीटरचा? माझ्या पोरांना एवढ्या फरकावर मी प्रयोग पुन्हा करायला लावते.”

तरुण सर खाली बघून हसला. ज्येष्ठ सरांनी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो पेपर लावायला लागला.

मी कॉम्प्युटरवर फोटो उघडला आणि मोठा केला. स्टँडची खूण साठावर होती. तिथून मेणबत्ती तीस, पडदा साठ. अठराशे भागिले नव्वद, वीस. आणि भिंग पन्नासवर धरलं तर अंतरं वीस आणि सत्तर. चौदाशे भागिले नव्वद, पंधरा पूर्णांक सहा. म्हणजे सरांनी फोटो पाहिलाच नव्हता. आमच्या सगळ्यांच्या जुन्या पट्ट्या एक मीटरच्या. त्यांवर भिंग मधोमध, पन्नासवर, कायमचं उभं. पोरांना पन्नास पाठ, आम्हालाही पाठ. ही नवी पट्टी दीड मीटरची होती.

“फोटो तिरपा आला असंल,” सर म्हणाले.

“खूण पट्टीला टेकलेली आहे. तिरप्यानं ती दहा सेंटीमीटर सरकत नाही.”

“मॅडम, काऊन एवढं ताणता? तिले पण मार्क देऊ, बाकीच्यायले पण देऊ. दोन्ही उत्तरं बरोबर धरू.”

“कशी धरायची? भिंग एकाच जागी उभं आहे.”

“मग शंभर पोट्ट्यायचे मार्क कापू? तुमच्या कॉलेजचे बी कटतील.”

“कटू द्या.”

“जाऊ द्या ना बाई. सही करा, चहा थंडा होऊन राह्यला.”

“मी यावर सही करत नाही. बेंच काढा.”

तरुण सरानंच कपाट उघडलं. तोच बेंच, तेच भिंग. मी खिडक्यांचे पडदे ओढले, मेणबत्ती तीसवर लावली, पडदा एकशेवीसवर ठेवला आणि भिंग पन्नासवर. पडद्यावर नुसता उजेडाचा गोल डाग. वीसच्या भिंगापासून ज्योत वीस सेंटीमीटरवरच असली की किरण समांतर निघतात. प्रतिमा कुठेच जमत नाही.

“आता बघा,” म्हणून मी भिंग हळूहळू सरकवत साठावर आणलं. ज्योत पडद्यावर उलटी उभी राहिली, दुप्पट मोठी, वातसुद्धा दिसेल इतकी स्पष्ट.

सरांनी वाकून खूण वाचली, चष्मा काढून पुन्हा वाचली.

“फोटो कोणी काढला होता बे?” त्यांनी तरुण सराला विचारलं.

“मीच, सर. लेन्स साठावर ठेवली, असं तुमाले सांगतलं होतं.”

“मले नाही आठवत.”

“तुम्ही म्हणले होते, पन्नासच असते.”

सरांनी ‘गैरप्रकार’वर रेघ मारली. मी त्यांना रेघेखाली सही करायला लावली, कारण नुसती रेघ कुणीही मारतो. मग आम्ही उरलेले पेपर पुन्हा तपासले. पंधरा पूर्णांक सहाला मार्क नाहीत. माझी बरीच मुलं त्यात गेली.

दुसऱ्या दिवशी मुलीला बोलावून विचारलं, “तुला भिंग साठावर आहे हे कसं कळलं?”

“मॅडम, मी फोटो मोठा करून पाह्यला.”

“बाकीच्यांनी का नाही पाहिला?”

“त्यायले पन्नास माहीत होतं ना.”

“तुला नव्हतं?”

“मले बी होतं. पण फोटोत साठ दिसत होतं.”

मला एवढं पुरे होतं. तिला शाबासकी वगैरे दिली नाही. तास सुरू व्हायचा होता. मार्क गेलेल्या मुलांचे पालक मात्र आले. एक जण म्हणाले, स्वतःच्याच पोरांचे मार्क कापणारी मास्तरीण पहिल्यांदा पाहिली. मी त्यांना फोटो दाखवला आणि खूण वाचायला सांगितली. त्यांनी वाचली आणि गेले, नाराजच गेले.

त्या मुलीच्या घरी पत्र गेलं नाही. ती आता बी.एस्सी.ला आहे, बसनंच जाते.

आमच्या प्रयोगशाळेतलं भिंग मी आता पन्नासवर राहू देत नाही. तासाच्या आधी कधी सदतीसवर, कधी त्रेपन्नवर सरकवते. पोरं कुरकुरतात.

“मॅडम, आज कुठं ठेवलं?”

“वाचा,” मी म्हणते.