हवालदाराची शिवी

पुण्यात शिकलेलं रशियन सातारा जिल्ह्यात उपयोगी पडेल असं कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण साठच्या दशकात आमचं एक मित्रमंडळ गावोगावी रशियन सिनेमे दाखवी आणि पडद्याशेजारी माईक धरून मी संवाद मराठीत सांगे. यंत्रवाला आवाज खाली आणी, तेवढ्यात माझं वाक्य संपायला हवं. पुढचं पात्र काही माझ्यासाठी थांबत नसे.

एका युद्धपटात एक जखमी पोरगा बर्फात पडतो. म्हातारा हवालदार त्याला गदागदा हलवत म्हणतो, "ऊठ, सूकिन सिन!" शब्दशः कुत्रीच्या पोरा; पण रशियन माणूस हे दुश्मनाला म्हणतो तसं जिवाभावाच्यालाही म्हणतो, सगळं सुरावर असतं. रिळांसोबत आलेल्या इंग्रजी संवादांच्या कागदावर मात्र होतं, 'ऊठ, प्रिय मित्रा.' साताऱ्यात मी घाईत तेच सांगितलं. हवालदाराचा एकदम कीर्तनकार झाला आणि ऐन मरणाच्या प्रसंगी लोक हसले. मला असा संताप आला की काय सांगू! त्या पोराचं मरणच मी फुकट घालवलं होतं.

पुढचा खेळ कोरेगावात होता. आम्हाला बोलावणाऱ्या तिथल्या मंडळाचे अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर, त्यांनी आधीच बजावलं, "पुढं बायका बसतात. एक शिवी आली की माईक काढून घेईन, आणि पुन्हा तुम्हाला बोलावणार नाही."

दुपारभर मी शब्द चाचपत बसलो. 'कुत्रीच्या पोरा' आपल्याकडं परकं वाटतं. 'मुडद्या' तर आयाबायांच्याही तोंडी असतं, पण मरू घातलेल्याला मुडद्या कसं म्हणायचं? 'गाढवा' म्हणजे पुन्हा शाळाच.

संध्याकाळी खेळ सुरू झाला. तो प्रसंग आला, यंत्रवाल्यानं आवाज उतरवला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ऊठ की रं रांडंच्या! ऊठ!"

कुणी हसलं नाही. अध्यक्ष ताडकन उठले, माईककडे हात आला. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक म्हातारी पडद्याकडे बघून कळवळली, "ऊठ रं बाबा, त्यो बोलावतोय तंवर ऊठ!" अध्यक्षांचा हात तसाच राहिला. मग ते मुकाट्यानं खाली बसले.

खेळ संपल्यावर ती म्हातारी माझ्याकडे आली. तिचा पोरगा पलटणीत होता, काश्मीरकडं.

"आवं, आपल्या पलटणीतला हवालदार बी असाच बोलत आसंल का पोरांस्नी?"

अध्यक्ष शेजारीच उभे होते. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "व्हय आजी. असाच बोलतो."

"मग बरं हाय," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत घराकडे चालू लागली.