सत्तावीस इंचांची खिडकी

आगाशीहून राजोडीकडे जाताना आमचं गाव लागतं. गावातल्या बायकांचं एक मंडळ होतं आणि त्याचा एक हॉल होता. दुपारी तिथे शिवणवर्ग चालायचा, रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर सभा व्हायची. मी तेव्हा शाळेत गणित शिकवत होते, अजून लग्न झालं नव्हतं. मंडळाची चिटणीस माझी मैत्रीण होती. पहिलीपासून आम्ही एका बाकावर बसलो. तिच्या लग्नात तिला साडी मी नेसवली आणि तिची पहिली मुलगी झाली तेव्हा रात्रभर दवाखान्यात मीच तिच्याजवळ होते. ती सासरी गेली तीही आमच्याच गावात, चार घरं पलीकडे. हे सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

तेव्हा गावात एकच टीव्ही होता, एका बागायतदाराकडे. रविवारच्या सिनेमाला बायका त्यांच्या पडवीत जायच्या. घरची माणसं आत खुर्च्यांवर, आमच्या बायका उंबऱ्याबाहेर सतरंजीवर. मध्येच कुणी दिवा लावला की पडद्यावरचं काही दिसायचं नाही, पण बोलायचं कुणी? माझी आई सत्तरीची, गुडघे दुखणारी. तीही त्या सतरंजीवर बसून यायची आणि घरी आल्यावर अर्धी गोष्ट मलाच विचारायची, जसं काही मीच तिथे होते.

गावातला एक मुलगा आखातात नोकरीला होता. त्याची आई आमच्या शिवणवर्गात वर्षानुवर्षं येत होती, नुकतीच वारली होती. त्यानं निरोप पाठवला की आईच्या आठवणीसाठी मंडळाला रंगीत टीव्ही द्यायचाय, सुट्टीला येताना घेऊनच येतो, फक्त किती मोठा आणू ते कळवा. सभेत आनंदीआनंद झाला. एक म्हातारी मावशी म्हणाली, "आता आपली खुर्ची, आपला दिवा. लावायचा की नाही ते आपण ठरवू."

टीव्ही ठेवायचा कुठे, ते ठरायला वेळ लागला नाही. हॉल आणि मागची कोठी यांच्यामध्ये एक जुनी खिडकी होती, दोन दगडी खांबांच्या मधोमध. तिला हॉलच्या बाजूनं लोखंडी झडप होती. कोठीत मागे फळी लावली तर टीव्ही खिडकीत बसेल, झडप लावून कुलूप घालता येईल, चोरीची भीती नाही. मागे हवी तेवढी जागा. प्रश्न फक्त रुंदी-उंचीचा. खांबांवर तुळई होती, त्यामुळे खिडकी मोठी करायचा विषयच नव्हता.

"हे तुझं काम," मैत्रीण म्हणाली. "सगळ्यात मोठा किती बसेल ते काढ."

मी शिवणवर्गातल्या टेपनंच मोजलं. रुंदी सत्तावीस इंच, उंची वीस. मग शनिवारी आम्ही दोघी विरारला टीव्हीच्या एका दुकानात गेलो. मला वाटत होतं वीस इंची टीव्ही म्हणजे वीस इंच रुंद. दुकानदार हसला. "बाई, ते माप तिरपं असतं. काचेच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत." त्यानं पडद्यावर बोट फिरवून दाखवलं.

"म्हणजे कर्ण," मी म्हटलं. "आणि रुंदी-उंचीचं प्रमाण?"

"चारास तीन. सगळ्यांचं तेच."

मग काय राहिलं! चार आणि तीन बाजू असल्या की कर्ण पाच. वीसचा कर्ण असेल तर रुंदी सोळा, उंची बारा. मी टेप लावून पाहिला, कोपरे गोल असल्यामुळे थोडा फरक सोडला तर बरोबर तेच. पण काच म्हणजे टीव्ही नव्हे. उजवीकडे बटणं आणि स्पीकर, भोवती लाकडी पेटी. दोन-तीन टीव्ही मोजले, दुरुस्तीला आलेला एक परदेशी टीव्हीही मोजला. काचेपेक्षा पेटी रुंदीला साधारण सात इंच जास्त, उंचीला चार.

"आणि गच्च बसवू नका," दुकानदार म्हणाला. "टीव्ही तापतो. दोन्ही बाजूंना एकेक इंच सोडा, वर दोन."

परतताना बसमध्ये मी मैत्रिणीला हिशोब समजावला. हवेची जागा काढली की पेटीला उरते पंचवीस रुंद, अठरा उंच. त्यातून लाकडाचं वजा केलं की काचेला अठरा बाय चौदा. रुंदीवरून कर्ण काढायचा तर चार भागांचे अठरा, म्हणून पाच भागांचे साडेबावीस. उंचीवरून काढायचा तर तीन भागांचे चौदा, म्हणजे पाच भागांचे तेवीसच्या जरासं वर. दोन्हींतलं लहान धरायचं, नाहीतर एका बाजूनं अडेल.

"म्हणजे साडेबावीस."

"दुकानात वीस, बावीस आणि सव्वीस मिळतात. म्हणून त्याला बावीसच कळव. त्याहून मोठा नाही."

ती थोडा वेळ बाहेर केळीच्या बागांकडे बघत बसली. मग म्हणाली, "आणि सव्वीस बसवायचा झाला तर किती जागा लागेल?"

मला बरं वाटलं. शाळेत माझ्या वहीतून गणितं उतरवून घेणारी ही, आज आपणहून विचारतेय. मी तोंडीच केलं. सव्वीसची काच जवळजवळ एकवीस बाय साडेपंधरा, पेटी धरून अठ्ठावीसला थोडी कमी आणि वीसला थोडी कमी. हवेची जागा धरली की तीस बाय बावीसचा खण लागेल. "आपल्या खिडकीत शक्य नाही," मी म्हटलं. "हवेची जागा सोडली नाही तरी पाऊण इंचानं अडेल."

"पाऊण इंचानं," ती म्हणाली आणि हसली.

तो मुलगा सुट्टीवर आला. रविवारी मिस्सेनंतर सगळ्या हॉलमध्ये जमल्या. दोघा-तिघांनी खोकं उचलून आणलं. मावशीनं फुलांचा हार आणला होता, कुणी नारळीपाकाचे लाडू. खोकं उघडलं आणि बाहेर आलेला टीव्ही बघताच तो बसणार नाही हे मला कळलं. मोजायची गरजच नव्हती. तरी त्यांनी उचलून खिडकीला लावला, आडवा-तिरपा करून पाहिला. नाहीच गेला.

"मला सव्वीस कळवलं होतं," तो मुलगा ओशाळून म्हणाला. "मी विचारलंही, नक्की बसेल ना?"

मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा इतका साधा होता! "हिनंच मोजलं होतं," ती म्हणाली. "गणिताच्या बाई म्हणून आपण हिला सांगितलं."

"मी बावीस म्हटलं होतं."

"अगं, सव्वीस म्हणालीस तू. बसमध्ये. आठव बघू."

आणि मी खरंच आठवू लागले. बावीस मी म्हटलं होतं, पण सव्वीसही म्हटलं होतं. दोन्ही आकडे माझ्याच तोंडून गेले होते. तीस बाय बावीस, हेही मीच म्हटलं होतं. तेवढ्या बायकांसमोर माझा मलाच भरवसा वाटेना. मावशी हळूच म्हणाली, "जाऊ दे गं, होतं कधी कधी." तेच मला जास्त लागलं.

टीव्ही कोठीत उघड्यावर ठेवायचा नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. मैत्रीण म्हणाली, "तोवर माझ्याकडे राहू दे." लाडू तिच्याच घरी वाटले गेले.

शाळेत परीक्षा होत्या. मी घरी बसून पेपर तपासत राहिले. मध्येच पेपर बाजूला ठेवून तोच हिशोब पुन्हा करायची. प्रत्येक वेळी साडेबावीसच यायचं. शेवटी माझ्याच सांगण्यामुळे तिच्या ऐकण्यात चूक झाली असेल, असं मी ठरवलं आणि तिची माफी मागायला तिच्या घरी गेले. खरंच, माफी मागायला.

ती आत चहा करत होती. बैठकीच्या खोलीत भिंतीत नवी शोकेस बसवली होती. सुतार येतोय, असं ती महिनाभर म्हणत होती, पण मी पाहिली नव्हती. पॉलिशचा वास अजून होता. वर कपबशा, बाजूला मुलीची बाहुली आणि मधल्या मोठ्या खणात टीव्ही. मी जवळ गेले. पेटी आणि फळी यांच्यामध्ये बाजूला माझं एक बोट आरामात गेलं. दुसऱ्या बाजूलाही तेवढंच. वर तीन बोटं.

टेबलावर तिची शिवणाची पेटी होती. त्यातला टेप घेऊन मी खण मोजला. तीस बाय बावीस.

टीव्ही यायच्या कितीतरी आधी सुतारानं हे लाकूड कापलं होतं. माझ्याच आकड्यांनी.

ती ट्रे घेऊन आली. माझ्या हातात टेप पाहून दारातच थांबली.

"तू बावीस ऐकलं होतंस," मी म्हटलं.

तिनं ट्रे खाली ठेवला. "बायका माझ्याकडे येऊन बघतीलच ना? खुर्च्या देईन सगळ्यांना. मंडळाचा म्हणूनच ठेवीन. काय बिघडलं?"

"मला खोटं पाडलंस."

"तुला कोण काय म्हणणार आहे? तू शिकलेली. एक गणित चुकलं तर काय होतं तुझं?" मग जरा थांबून, "माझ्याकडे काय आहे गं, सांग ना."

मी चहा न घेता उठले. रस्त्यात मला रडू आलं ते टीव्हीसाठी नव्हतं. बसमध्ये ती शेजारी बसून विचारत होती आणि मी कौतुकानं सांगत होते, ते डोळ्यांसमोरून हलेना.

पुढच्या सभेत मी उभी राहिले आणि खिडकीचं माप, खणाचं माप, सगळं फळ्यावर मांडलं. हिशोब स्वच्छ होता. बायका ऐकत होत्या. समजलंही असणार, इतकं अवघड नव्हतं. मग सभेत पुढचा विषय निघाला. तोवर दोन रविवार त्या तिच्याकडे खुर्च्यांवर बसून रंगीत सिनेमा पाहून आल्या होत्या. तो मुलगा मागे उभा होता. बाहेर मला गाठून म्हणाला, "बाई, आईच्या नावावर भांडण नको. असू दे तिथेच." दुसऱ्या आठवड्यात तो परत गेला.

मी मंडळात जाणं सोडलं. मैत्रीण आगाशीच्या बाजारात समोर आली तर मी पलीकडच्या बाजूनं जायची. सुरुवातीला ती हाक मारायची, मग तिनंही सोडलं.

आई मात्र दर रविवारी काठी टेकत तिच्याकडे जायची. मी पहिल्यांदा अडवलं तेव्हा ती चपला घालता घालता म्हणाली, "तुझं बरोबर आहे, मला ठाऊक आहे. पण तिथे मला पाठीला टेकायला उशी देतात गं." आणि ती गेली. रात्री परत आली तेव्हा तिनं सिनेमाची गोष्ट मला विचारली नाही. पहिल्यांदाच ती तिला पूर्ण कळली होती, आणि ती मला सांगायला बसली. मी ऐकून घेतली.